‘तुला फोटो दिसतो का?’ चॅटबॉट ‘हो’ म्हणाला तरी थांबा. आधी ही छोटी चाचणी करा

साताऱ्याहून मामाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात जरा कौतुकच होतं. आजीच्या बीपीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप कपाटात मागे पडली होती. तिच्यावरची एक्स्पायरी मामाला चष्मा लावूनही वाचता येईना. म्हणून त्याने मोबाइलमधल्या एका चॅट टूलला आधी विचारलं, की तुला फोटो दिसतो का? टूलने हो म्हटलं. मग मामाने स्ट्रिपचा फोटो जोडला आणि लिहिलं, ‘ही टेल्मिसार्टन ४० ची स्ट्रिप आहे. बीपीची गोळी. एक्स्पायरी काय लिहिली आहे?’

उत्तर लगेच आलं आणि ते अगदी नीटनेटकं होतं. ही टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची गोळी आहे, ती रक्तदाबासाठी देतात आणि एक्स्पायरीला अजून दीड वर्ष बाकी आहे, असं त्यात होतं. पुढे महिना आणि वर्षही दिलं होतं.

रविवारी मी घरी गेलो. खिडकीत उजेडाला धरून ती स्ट्रिप पाहिली, तर मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली होती. सुदैवाने आजीची नवीन स्ट्रिप अजून सुरू होती, त्यामुळे जुनीतली गोळी तिने घेतलेली नव्हती.

मामाला वाटलं, टूलला तारीख नीट वाचता आली नाही. मला मात्र वेगळीच शंका आली. त्या उत्तरातल्या बरोबर गोष्टी कोणत्या होत्या? गोळीचं नाव, ४० मिलिग्रॅम आणि बीपी. या तिन्ही गोष्टी मामाने स्वतःच प्रश्नात लिहिल्या होत्या. प्रश्नात नसलेली, फक्त फोटोतच असलेली एकच गोष्ट उत्तरात होती, ती म्हणजे तारीख. आणि नेमकी तीच चुकली होती.

मी तोच प्रश्न नव्या चॅटमध्ये, फोटो न जोडता पाठवला. तरीही उत्तर आलं. तसंच नीटनेटकं, फक्त तारीख वेगळी. म्हणजे पहिल्या वेळीही टूलने फोटो पाहिलेलाच नव्हता. ते अॅप फोटो जोडून घेत होतं, पण पुढे फक्त लिहिलेला मजकूर जात होता.

मग ‘हो, मला फोटो दिसतो’ हे टूलने कशाच्या जोरावर सांगितलं? आणि खरंच दिसतो की नाही, हे आपण कसं ओळखायचं?

स्वतःबद्दलचं उत्तर कुठून येतं?

आपण मोबाइलला कॅमेरा आहे का हे तपासतो, तेव्हा मोबाइल उलटा करून भिंग पाहतो. चॅट टूलला हा प्रश्न विचारल्यावर ते असं काही उलटून पाहत नाही. इतर कोणत्याही प्रश्नाला ते जसं शब्दांमागून शब्द जुळवत उत्तर तयार करतं, तसंच याही प्रश्नाला करतं. त्यासाठी त्याच्याकडे तीनच आधार असतात.

पहिला आधार म्हणजे शिकताना वाचलेला मजकूर. चॅटजीपीटीमध्ये फोटो पाहण्याची सोय देत असल्याची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. त्याआधीच्या काळात ‘मी फक्त मजकूर समजणारं मॉडेल आहे, चित्र पाहू शकत नाही’ अशा अर्थाची वाक्यं इंटरनेटवर भरपूर साठली. पुढच्या मॉडेलने शिकताना हा मजकूरही वाचलेला असू शकतो. त्यामुळे फोटो पाहू शकणारं मॉडेलही कधी कधी ‘नाही’ म्हणून मोकळं होतं.

दुसरा आधार म्हणजे अॅप बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या सूचना. संभाषणाच्या सुरुवातीला, आपल्याला न दिसणाऱ्या जागी, हे टूल काय करू शकतं ते लिहिलेलं असतं. त्या सूचनांत फोटोचा उल्लेख असेल तर उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं येतं. उल्लेख नसेल तर मॉडेल अंदाजच करतं.

तिसरा आधार म्हणजे चालू संभाषण. त्यात खरोखर एखादा फोटो आलेला असेल तर तो मॉडेलसमोर असतो. पण तुम्ही फोटो जोडण्याआधीच प्रश्न विचारलात तर समोर काहीच नसतं. अशा वेळी आलेला ‘हो’ किंवा ‘नाही’ दोन्ही ऐकीव माहितीवरच असतात.

नावावरूनही खात्री होत नाही. मेटा कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये लामा ३.२ नावाची मॉडेल्स आणली. त्यातली ११ अब्ज आणि ९० अब्ज पॅरामीटरची मॉडेल्स फोटो पाहू शकत होती, तर १ अब्ज आणि ३ अब्जवाली लहान मॉडेल्स फक्त मजकुरावर चालत होती. नाव आणि आवृत्ती एकच, पण काहींना डोळे होते आणि काहींना नव्हते. एखाद्या अॅपवर नुसतं ‘लामा ३.२ वर चालतं’ असं लिहिलेलं असेल तर त्यातून आपल्याला काहीच कळत नाही.

‘दिसतं’ म्हणजे नेमकं काय?

फोटो पाहू शकणाऱ्या मॉडेलमध्ये चित्राचे छोटे छोटे चौकोनी तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याचं आकड्यांत रूपांतर होतं. हे आकडे आपल्या शब्दांच्या सोबतीने मॉडेलपर्यंत पोहोचतात. खऱ्या अर्थाने ‘दिसणं’ ते हेच.

पण सगळी अॅप्स असं करत नाहीत. काही अॅप्स आधी फोटोतली अक्षरं दुसऱ्या प्रोग्रामकडून वाचून घेतात आणि फक्त तो मजकूर मॉडेलला देतात. अशा टूलला लाइट बिलावरची रक्कम सांगता येईल, पण बिलाशेजारी ठेवलेली किल्ली त्याला कळणार नाही. काही ठिकाणी तर फाइलचं नाव तेवढं पुढे जातं. फोटोची लिंक चिकटवली तर अनेकदा फक्त लिंकमधले शब्दच वाचले जातात. ‘aamba-paan.jpg’ अशी लिंक दिली, तर आंब्याच्या पानाचं सुरेख वर्णन येईल; मग त्या फोटोत जांभळाचं पान का असेना.

आणखी एक गल्लत नेहमी होते. टूलला चित्र काढता येतं म्हणजे चित्र पाहताही येतं, असं आपण धरून चालतो. या दोन वेगळ्या सोयी आहेत. एक आहे म्हणून दुसरी असेलच असं नाही.

प्रश्न कसा विचारायचा?

आधी मजकूर लिहायच्या पट्टीकडे पाहा. तिथे अधिकचं चिन्ह, पेपरक्लिप किंवा कॅमेरा दिसतो का? यातलं काहीच नसेल तर प्रश्न विचारायची गरजच नाही, कारण फोटो आत जायला वाटच नाही. चिन्ह असेल तर पुढे जा. पण चिन्ह आहे म्हणजे फोटो मॉडेलपर्यंत पोहोचतोच, असं समजू नका. मामाच्या अॅपमध्येही ते चिन्ह होतंच.

आता चाचणीसाठी असा फोटो काढा, ज्यातलं काहीही अंदाजाने सांगता येणार नाही. मी साताऱ्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं ते सांगतो. एका कागदावर पेनने ७३०४ हा आकडा मोठा लिहिला. कागदाच्या डावीकडे स्टीलची वाटी पालथी ठेवली, उजवीकडे सायकलची किल्ली आणि कागदावर एक लवंग. लवंगच का? कारण कागदावर लवंग असेल असा अंदाज कुणी करणार नाही. वाटीच्या जागी फुलदाणी किंवा चहाचा कप ठेवला असता, तर न पाहताही ‘टेबलावर कप आहे’ असं उत्तर जुळून येऊ शकलं असतं.

फोटोसोबत मी हा मजकूर पाठवला:

‘या संदेशासोबत एक फोटो जोडला आहे. तो मिळाला नसेल तर फक्त “फोटो मिळाला नाही” असं लिही. मिळाला असेल तर कागदावरचा आकडा, कागदाच्या डावीकडची वस्तू, उजवीकडची वस्तू आणि कागदावर ठेवलेली वस्तू सांग. जे स्पष्ट दिसत नाही त्यापुढे “दिसत नाही” लिही.’

या मजकुरात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. एक म्हणजे ‘मिळाला नाही’ असं म्हणायची वाट मोकळी ठेवली आहे. नुसतं ‘फोटोत काय आहे?’ असं विचारलं, तर फोटो आहे हे आपणच गृहीत धरून दिलेलं असतं आणि टूल त्या गृहीतकाच्या मागे जातं. दुसरं म्हणजे वाटी, किल्ली, लवंग यातला एकही शब्द प्रश्नात नाही. ‘डावीकडे वाटी आहे ना?’ असं विचारलं असतं, तर आलेल्या ‘हो’ला काहीच किंमत नव्हती.

यानंतर नवीन चॅट उघडायचं आणि तोच मजकूर फोटोशिवाय पाठवायचा. नवीन चॅट गरजेचं आहे, कारण जुन्या चॅटमध्ये आधीची उत्तरं समोर असतात आणि टूल तीच परत सांगू शकतं. या दोन संदेशांना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

उत्तर कसं वाचायचं?

फोटो असताना चारही गोष्टी बरोबर आल्या आणि फोटो नसताना ‘फोटो मिळाला नाही’ असं उत्तर आलं, तर त्या टूलला खरोखर दिसतंय. निदान त्या दिवशी, त्या अॅपमध्ये, त्या मॉडेलवर तरी दिसतंय. अॅपमध्ये मॉडेल बदलायची सोय असेल, तर मॉडेल बदलल्यावर चाचणी परत करावी लागेल.

आकडा बरोबर आला पण वाटी, किल्ली, लवंग आली नाही, तर बहुधा फक्त अक्षरं वाचली जात आहेत. अशा टूलकडून पावती वाचून घेता येईल, पण पिकावरचा डाग किंवा भिंतीवरची ओल दाखवून उपयोग नाही.

फोटो जोडलेला नसतानाही आकडा आणि वस्तू सांगितल्या गेल्या, तर ते टूल फोटोच्या बाबतीत बिनभरवशाचं आहे. एरवी ते कितीही हुशार असो, फोटो पोहोचला नाही तरी ते तुम्हाला तसं सांगणार नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. मामाचं टूल या चाचणीत असंच सापडलं. फोटो जोडून पाठवल्यावर त्याने भलताच चार आकडी नंबर, एक पेन आणि एक चहाचा कप सांगितला. फोटो न जोडताही पेन आणि कप पुन्हा आलेच, नंबर तेवढा बदलला.

‘मी चित्र पाहू शकत नाही’ असं उत्तर आलं तरी लगेच टूल बंद करू नका, कारण त्याचे तीन वेगवेगळे अर्थ होऊ शकतात. पहिला, मॉडेल फक्त मजकुराचं आहे. दुसरा, मॉडेलला दिसतं पण हा फोटो पोहोचलाच नाही. कमकुवत नेटवर्कमध्ये फोटो पूर्ण चढायच्या आधीच संदेश गेला, तर असं होतं. तेव्हा फोटोची छोटी चौकट पूर्ण भरू द्या आणि पुन्हा पाठवा. तिसरा अर्थ सगळ्यात फसवा आहे. फोटो दिसतोय, पण विचारलेली गोष्ट सांगायची टूलला परवानगी नाही. अनोळखी माणसाचा फोटो देऊन ‘हा कोण?’ असं विचारलं तर अनेक टूल्स नकार देतात. तो नियमाचा भाग आहे. त्याच फोटोतल्या माणसाच्या शर्टाचा रंग विचारला, तर दिसतंय की नाही ते लगेच कळतं.

एक चूक मात्र आपल्यापैकी बहुतेक जण करतात. टूल ‘नाही’ म्हणालं की आपण आग्रह धरतो, ‘अरे, तुला दिसतं, नीट बघ.’ त्यावर टूल माफी मागून ‘हो, आता दिसतंय’ म्हणू शकतं. उलटंही होतं. बरोबर उत्तर दिल्यावर ‘नक्की का?’ असं दरडावून विचारलं, तर ते माघार घेऊ शकतं. समोरच्याच्या म्हणण्याकडे झुकायची या टूल्सना सवय असते. म्हणून आग्रहानंतर आलेला होकार पुरावा म्हणून धरू नका. प्रश्नात नसलेला आणि फोटोत असलेला तपशील बरोबर आला का, एवढंच पाहा.

दिसतं, पण वाचता येतं का?

यानंतर मी दुसऱ्या एका टूलवर चाचणी केली. ते दोन्ही संदेशांत उत्तीर्ण झालं. लवंग कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आहे, हेही त्याने सांगितलं. मग आजीची तीच स्ट्रिप त्याला दाखवली. मामाने काढलेला मूळ फोटो पाठवला, ज्यात टेबल, वर्तमानपत्र आणि मधोमध स्ट्रिप होती. गोळीचं नाव बरोबर आलं, तेही मी प्रश्नात न लिहिता. पण एक्स्पायरीचं वर्ष पुन्हा चुकलं.

म्हणजे दिसत असूनही चूक झाली. त्याचं कारण साधं गणित आहे. फोनचा फोटो समजा ४००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात तारखेचं अक्षर ४० पिक्सेल उंच आहे. अनेक सेवा मॉडेलला देण्याआधी मोठा फोटो आकाराने कमी करतात. तो १००० पिक्सेल रुंद केला तर तेच अक्षर १० पिक्सेलचं उरतं. एवढ्याशा जागेत ५ आणि ६, ३ आणि ८ यांतला फरक पुसट होतो. आपल्या फोनवर मात्र मूळ फोटो असतो. आपण बोटांनी मोठा करून पाहतो आणि म्हणतो, ‘एवढं स्पष्ट तर आहे!’

गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये आणखी एक अडचण असते. गोळीचं नाव रंगीत शाईत छापलेलं असतं, पण बॅच नंबर आणि एक्स्पायरी बऱ्याचदा चकचकीत पत्र्याच्या कडेला नुसती दाबून उमटवलेली असते. तिथे शाई नसते, फक्त उंचसखलपणा असतो. समोरून फ्लॅश मारला की सगळं सारखंच चमकतं आणि अक्षरं नाहीशी होतात.

म्हणून मी फ्लॅश बंद केला, स्ट्रिप खिडकीपाशी तिरकी धरली म्हणजे दाबलेल्या अक्षरांची सावली पडली, आणि फोटो फक्त त्या कडेपुरता कापला. प्रश्नही बदलला: ‘या कडेवरची अक्षरं आणि आकडे एकेक करून, जसे आहेत तसे लिही. जे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक. अंदाज करू नकोस.’ या वेळी महिना बरोबर आला. वर्षातले पहिले तीन आकडेही बरोबर आले आणि शेवटच्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. आणखी थोडा तिरका फोटो काढल्यावर तोही आकडा आला, आणि मी खिडकीत वाचलेल्या तारखेशी तो जुळला.

मधलं ते प्रश्नचिन्हवालं उत्तर मला सगळ्यात कामाचं वाटलं. काय दिसतंय आणि काय नाही, हे त्याने वेगवेगळं करून सांगितलं होतं. ‘दीड वर्ष बाकी आहे’ या नीटनेटक्या उत्तरात नेमकं तेच नव्हतं.

चाचणीच्या फोटोबद्दल एक सूचना. तपासण्यासाठी आधार कार्ड, बँकेचं पासबुक किंवा घरच्यांचे रिपोर्ट वापरू नका. वाटी, किल्ली आणि लवंग पुरते. औषधाची तारीख मात्र टूल उत्तीर्ण झालं तरी त्याच्या शब्दावर सोडू नका. फोनच्याच कॅमेऱ्यात झूम करून स्वतः वाचा, किंवा स्ट्रिप औषधाच्या दुकानात दाखवा. तिथे कुणीही ती मिनिटभरात वाचून देतं.

मामाने ती जुनी स्ट्रिप फेकायला काढली. आता त्याच्या फोनमध्ये वाटी, किल्ली आणि लवंगेचा फोटो जपून ठेवलेला आहे. पुढच्या वेळी चाचणीसाठी नवीन फोटो काढ, आकडाही बदल, असं मी त्याला बजावलं आहे. त्यावर त्याने विचारलं, ‘आणि लवंगेऐवजी वेलची ठेवली तर चालेल ना?’ चालेल. फक्त ती ठेवल्याचं टूलला आधी सांगायचं नाही.